फ्लायव्हीलच्या प्रयोगात घर्षणाला दोष देण्याआधी

फ्लायव्हीलचा प्रयोग लिहिलेल्या कुठल्याही जर्नलचं शेवटचं पान उघडा. उत्तर पुस्तकी किमतीशी जुळलं नसेल, तर खाली हमखास एक ओळ असते: ‘घर्षण, रिअ‍ॅक्शन टाइम आणि हवेचा विरोध यांमुळे उत्तरात फरक पडला.’ ही ओळ इतकी सवयीची झाली आहे की ती खरी आहे का, हे कुणी तपासत नाही. तपासायला मात्र वेगळं काही लागत नाही. आकडे त्याच जर्नलमध्ये, दोन पानं आधीच्या तक्त्यात असतात. ते नीट मांडले की या तिघांपैकी कुणाचा किती दोष आहे ते कळतं, आणि ज्याचं नावच त्या ओळीत नाही अशा चौथ्या आरोपीचाही पत्ता लागतो.

आधी मांडणी. भिंतीत घट्ट बसवलेल्या ब्रॅकेटमध्ये एक जड लोखंडी चकती आडव्या आसावर बेअरिंगमध्ये फिरते. आसावर एक छोटी खुंटी असते. दोऱ्याच्या एका टोकाचा फास त्या खुंटीत सैल अडकवायचा, दोरा आसाभोवती गुंडाळायचा आणि दुसऱ्या टोकाला वजन टांगायचं. वजन सोडलं की ते खाली येतं, दोरा उलगडतो, चाक फिरू लागतं. वजन जमिनीला टेकतं त्याच क्षणी फास खुंटीवरून सुटतो आणि चाक एकटंच फिरत राहतं. वजन किती उंचीवरून किती सेकंदांत खाली आलं, एवढं मोजून चाकाची मोमेंट ऑफ इनर्शिया काढायची.

मोमेंट ऑफ इनर्शिया म्हणजे काय ते जात्यावर बसलेल्या माणसाला सूत्राशिवाय कळतं. जड तळी फिरवायला सुरुवातीला जोर लागतो आणि एकदा फिरली की हात काढला तरी ती लगेच थांबत नाही. फिरण्यातल्या बदलाला वस्तू किती विरोध करते, त्याचं माप म्हणजे I. ते नुसत्या वस्तुमानावर ठरत नाही. ते वस्तुमान आसापासून किती लांब पसरलं आहे, त्यावरही ठरतं. वस्तुमान तेवढंच ठेवून चकतीची त्रिज्या दुप्पट केली, तर I चौपट होतो.

सूत्रं चारच आहेत, आणि ती एकातून एक निघतात.

```
a = 2h / t²
α = a / r
τ = m (g − a) r
τ = I α + τ_f
```

वजन h उंचीवरून स्थिर अवस्थेतून निघून t सेकंदांत खाली आलं, तर त्याचं त्वरण a पहिल्या ओळीतून मिळतं. दोरा घसरत नसेल, तर आसाचा पृष्ठभाग त्याच त्वरणाने सरकतो. म्हणून a ला आसाच्या त्रिज्येने भागलं की चाकाचं कोनीय त्वरण α मिळतं. तिसरी ओळ दोऱ्यातल्या ताणामुळे चाकावर किती टॉर्क येतो ते सांगते. इथे mg न लिहिता m(g − a) लिहिलं आहे, कारण खाली येणारं वजन आपल्या भाराचा थोडासा भाग स्वतःला वेग देण्यात खर्च करतं. जड चाकाच्या बाबतीत हा फरक अगदी किरकोळ असतो. चौथी ओळ महत्त्वाची. दोऱ्याने दिलेल्या टॉर्कपैकी काही चाकाचा वेग वाढवतो (I α) आणि काही बेअरिंगचं घर्षण खातं (τ_f).

आता आकडे घेऊ. ते उदाहरणासाठी रचले आहेत, पण कॉलेजच्या प्रयोगशाळेतल्या चाकावर साधारण असेच येतात. लोखंडी भरीव चकती ६.२ किलोची, त्रिज्या १० सेंटिमीटर. आसाचा व्यास २५ मिलिमीटर, म्हणजे त्रिज्या १.२५ सेंटिमीटर. दोरा १ मिलिमीटर जाडीचा. वजन बरोबर १ मीटर खाली येतं. g साठी ९.७९ घेतला आहे. पुस्तकातला ९.८१ हा युरोपच्या अक्षांशांवरचा आकडा आहे. महाराष्ट्रात g थोडा कमी भरतो. या प्रयोगात त्याने फारसं बिघडत नाही, पण योग्य आकडा वापरायला काही खर्चही येत नाही.

गणितात त्रिज्या मी १.३० सेंटिमीटर धरली आहे, १.२५ नाही. का, ते पुढे येईलच.

प्रत्येक वजनासाठी पाच वेळा वेळ घ्यायची आणि सरासरी काढायची. उदाहरणार्थ, ३०० ग्रॅमसाठी ११.७, १२.०, ११.९, १२.० आणि ११.८ सेकंद आले, सरासरी ११.९. जर्नलमध्ये हे पाचही आकडे दिसायला हवेत. नुसती सरासरी लिहिली तर रीडिंगं किती विखुरली होती हे वाचणाऱ्याला कळत नाही, आणि नेमकं तेच पुढे लागणार असतं. सगळ्या वजनांचा तक्ता असा:

| वजन (ग्रॅम) | सरासरी वेळ t (सेकंद) | a (मी/से²) | α (रेडियन/से²) | टॉर्क τ (मिलिन्यूटन-मीटर) |
|---|---|---|---|---|
| १०० | २३.५ | ०.००३६२ | ०.२७९ | १२.७२ |
| २०० | १४.९ | ०.००९०१ | ०.६९३ | २५.४३ |
| ३०० | ११.९ | ०.०१४१२ | १.०८६ | ३८.१३ |
| ४०० | १०.१ | ०.०१९६१ | १.५०८ | ५०.८१ |
| ५०० | ८.९ | ०.०२५२५ | १.९४२ | ६३.४७ |

इथून बरेच जण सोपी वाट धरतात. घर्षण नाही असं समजायचं, प्रत्येक ओळीतून वेगळा I काढायचा आणि शेवटी पाचांची सरासरी घ्यायची. तसं केलं तर १०० ग्रॅमला ०.०४५७ किग्रॅ·मी² येतो, २०० ला ०.०३६७, ३०० ला ०.०३५१, ४०० ला ०.०३३७ आणि ५०० ला ०.०३२७. सरासरी ०.०३६८. जर्नलात हा आकडा लिहिला जातो आणि खाली घर्षणाची ती ठरलेली ओळ येते.

या पाच आकड्यांकडे जरा थांबून पाहा. ते इकडेतिकडे विखुरलेले नाहीत. वजन वाढत जातं तसा I पायरीपायरीने उतरत जातो, एकदाही वर जात नाही. चाक तेच आहे. त्याची मोमेंट ऑफ इनर्शिया आपण दोऱ्याला काय टांगलं यावर बदलू शकत नाही. चूक हाताच्या थरथरीची असती, तर एखादा आकडा वर आणि एखादा खाली गेला असता. एकाच दिशेने सरकणारे आकडे सांगतात की गणितात काहीतरी पद्धतशीरपणे सुटलं आहे. काय सुटलं तेही उघड आहे. १०० ग्रॅमच्या वजनाने दिलेल्या टॉर्कपैकी मोठा वाटा घर्षण खातं आणि ५०० ग्रॅमच्या वेळी तेच घर्षण तुलनेने लहान पडतं. अशा आकड्यांची सरासरी काढून काही साधत नाही. सरासरीने विखुरलेल्या चुका आपापसांत खोडल्या जातात, पण सगळ्या एकाच बाजूला झुकलेल्या असतील तर सरासरीही त्याच बाजूला झुकते. इथे ती खऱ्या किमतीपेक्षा जवळजवळ २० टक्के जास्त येते.

म्हणून चौथ्या सूत्राकडे वळायचं. आडव्या अक्षावर α आणि उभ्या अक्षावर τ घेऊन पाच बिंदू मांडायचे. सूत्र सरळ रेषेचं आहे. रेषेचा चढ म्हणजे I, आणि रेषा मागे वाढवल्यावर उभ्या अक्षाला जिथे कापते ती उंची म्हणजे घर्षणाचा टॉर्क. वरच्या आकड्यांतून लघुतम वर्ग पद्धतीने रेषा काढली तर चढ येतो ०.०३०६ किग्रॅ·मी² आणि छेद येतो ४.४ मिलिन्यूटन-मीटर. बिंदू रेषेच्या आजूबाजूला कसे विखुरले आहेत यावरून चढाची अनिश्चितता ०.०००३ आणि छेदाची ०.४ निघते. काटेकोर माणूस इथे म्हणेल की चुका मुख्यतः α मध्ये आहेत, तेव्हा तो उभ्या अक्षावर हवा. बरोबर आहे, पण बिंदू रेषेला इतके चिकटून असताना दोन्ही रीतींनी उत्तर तेच येतं.

पहिल्या आरोपीचा निकाल इथेच लागला. घर्षण आहे, आणि १०० ग्रॅमच्या रीडिंगमध्ये त्याने एकूण टॉर्कचा एक तृतीयांश भाग खाल्ला आहे. पण आता ते मोजलं गेलं आणि वेगळंही काढलं गेलं. चढात ते शिरतच नाही. त्यामुळे जर्नलमध्ये ‘घर्षणामुळे उत्तर चुकलं’ असं लिहिण्याचा हक्क राहिला नाही. त्याऐवजी ‘घर्षणाचा टॉर्क ४.४ ± ०.४ मिलिन्यूटन-मीटर’ ही निष्कर्षातली दुसरी ओळ झाली. जॉर्ज अ‍ॅटवुडचं खाली येणाऱ्या वजनांचं यंत्र अठराव्या शतकातलं, त्याचं वर्णन करणारा ग्रंथ १७८४ चा. घर्षण कमी करण्यासाठी त्याने मुख्य चाकाचा आस थेट बेअरिंगमध्ये न ठेवता चार लहान चाकांच्या कडांवर टेकवला होता. आपल्याला एवढी कारागिरी करायची गरज नाही. घर्षण असू द्यावं. ते सगळ्या रीडिंगमध्ये साधारण सारखं राहिलं म्हणजे पुरे.

सारखं राहतं का, हा प्रश्न रास्त आहे. वजन वाढलं की बेअरिंगवरचा भारही वाढतो. पण ६.२ किलोच्या चकतीपुढे अर्धा किलो म्हणजे आठेक टक्के. घर्षण भाराच्या प्रमाणात वाढलं असं धरलं, तरी १०० पासून ५०० ग्रॅमपर्यंत ते ०.३ मिलिन्यूटन-मीटरपेक्षा कमी वाढतं, आणि चढावर त्याचा परिणाम अर्ध्या टक्क्याच्या आसपास होतो. चाक हलकं आणि वजनं जड असतील, तर मात्र हे गृहीतक ढासळू लागेल. आलेखात ते कसं दिसेल? वाढणारं घर्षण भाराच्या प्रमाणात असेल तर रेषा सरळच राहील, फक्त चढ थोडा जास्त येईल. म्हणजे नुसत्या आलेखातून ते पकडता येत नाही. चाकाचं वस्तुमान आणि वजनांचं वस्तुमान यांचं प्रमाण जर्नलमध्ये लिहायचं ते त्यासाठी.

छेदाचा आणखी एक उपयोग आहे, जो मला या प्रयोगातला सर्वांत सुंदर भाग वाटतो. वजनं ज्या हँगरवर ठेवतो त्या हँगरचं स्वतःचं वजन धरायचं राहून गेलं असं समजा, आणि ते ५० ग्रॅम आहे. मग प्रत्येक रीडिंगमधला टॉर्क सारख्याच प्रमाणात, सुमारे ६.४ मिलिन्यूटन-मीटरने, कमी लिहिला जाईल. पाचही बिंदू एकदम तेवढेच खाली सरकतील. रेषेचा चढ तसाच राहील, पण छेद ४.४ ऐवजी उणे २ येईल. उणे घर्षण म्हणजे बेअरिंग चाकाला स्वतःहून ढकलतंय, आणि असं बेअरिंग अजून कुणी बनवलेलं नाही. छेद उणे आला की थेट तराजूकडे जाऊन हँगर तोलायचा. एकेका रीडिंगमधून I काढणाऱ्याला ही चूक कधीच दिसत नाही. उलट ती घर्षणाच्या चुकीला अंशतः खोडून उत्तर बरं दाखवते, आणि ‘उत्तर जुळलं’ म्हणून सगळे खूश होतात.

दुसरा आरोपी रिअ‍ॅक्शन टाइम. हाताने स्टॉपवॉच दाबताना एक-दोन दशांश सेकंद इकडेतिकडे होतात, हे ३०० ग्रॅमच्या पाच रीडिंगांत दिसतंच. पाचांच्या सरासरीत ही डगमग सुमारे ०.०६ सेकंदावर येते. बारा सेकंदांत ०.०६ म्हणजे अर्धा टक्का. t वर्गात असल्यामुळे a मध्ये एक टक्का. पाच वजनांच्या रेषेतही ती चढात साधारण एक टक्काच उरते. वर जो ०.०००३ आला, तो हाच.

पण ही झाली विखुरणारी चूक. स्टॉपवॉच प्रत्येक वेळी उशिराच सुरू होत असेल, किंवा वजन सोडताना हाताचा हलका धक्का बसत असेल, तर रीडिंगं एकमेकांशी छान जुळतील आणि तरीही सगळी चुकीची असतील. हे ओळखायची एक सोपी तपासणी आहे. वजन तेच ठेवायचं आणि उंची चौथाई करायची. त्वरण एकसारखं असेल, तर वेळ बरोबर निम्मी झाली पाहिजे. १ मीटरला ११.९ सेकंद लागत असतील, तर २५ सेंटिमीटरला ५.९५ लागायला हवेत. त्याऐवजी ६.२ आले, तर हिशोब सांगतो की प्रत्येक रीडिंगमध्ये सुमारे अर्धा सेकंद बाहेरून आला आहे. एवढा मोठा फरक बहुधा बोटाचा नसतो. वजन सोडल्यावर चाक क्षणभर अडकून मग निघत असतं, किंवा दोरा सुरुवातीला सैल असतो. मोबाइलवर व्हिडिओ काढून एकेक चौकट पुढे सरकवली की हे डोळ्यांना दिसतं. साध्या मोबाइलमध्ये सेकंदाला ३० चौकटी असतात, म्हणजे वेळही बोटापेक्षा कितीतरी नेमकी मिळते.

तिसरा आरोपी हवा. ५०० ग्रॅमचं वजन जमिनीला टेकताना त्याचा वेग सेकंदाला २२ सेंटिमीटर असतो. या वेगाला त्याच्यावरचा हवेचा विरोध त्याच्या भाराच्या लाखात दोनेक भाग भरतो. फिरणाऱ्या चकतीवर हवेचा थोडा टॉर्क येतो, पण चाक सर्वांत वेगाने फिरत असतानाही तो बेअरिंगच्या घर्षणाच्या एक-दोन टक्क्यांहून मोठा नसतो. गुळगुळीत भरीव चकतीच्या जर्नलमध्ये ‘हवेचा विरोध’ लिहायचं काही कारण नाही. रुंद पात्यांचं चाक असतं तर गोष्ट वेगळी.

मग राहिला तो चौथा, ज्याचं नाव कुणी घेत नाही: दोऱ्याची जाडी.

व्हर्नियरने आसाचा व्यास २५ मिलिमीटर येतो, म्हणून विद्यार्थी r = १.२५ सेंटिमीटर लिहितात. पण दोऱ्यातला ताण आसाच्या पृष्ठभागावर लागत नाही. तो दोऱ्याच्या मधल्या रेषेवर लागतो, आणि ती पृष्ठभागापासून अर्धा मिलिमीटर बाहेर असते. म्हणून खरी त्रिज्या १.३० सेंटिमीटर. फरक चार टक्क्यांचा, पण r सूत्रात दोनदा येतो. टॉर्क r च्या प्रमाणात वाढतो आणि α त्याच प्रमाणात कमी होतो. दोन्ही मिळून I हा r च्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. तेव्हा १.२५ धरला तर ०.०३०६ ऐवजी ०.०२८३ येतो, साडेसात टक्के कमी. वेळेच्या सगळ्या डगमगीपेक्षा ही चूक सातपट मोठी आहे. आणि ती आलेखात कुठेच दिसत नाही. रेषा सुरेख सरळ, छेद व्यवस्थित, बिंदू जागच्या जागी, आणि उत्तर चूक.

दोरा दुसऱ्या थरात चढला तर आणखी पंचाईत. १ मीटर खाली यायला १.३० सेंटिमीटर त्रिज्येवर सव्वाबारा वेढे लागतात. १ मिलिमीटरचा दोरा शेजारी शेजारी बसायला आसावर साधारण १२-१३ मिलिमीटर रुंद मोकळी जागा हवी. ती नसेल तर वरचे वेढे खालच्यांवर चढतात, तिथे r १.४ च्या आसपास होतो, आणि वजन खाली येता येता त्रिज्याच बदलते. मग त्वरण एकसारखं राहत नाही आणि पहिलं सूत्रच लागू होत नाही. उपाय साधा: बारीक दोरा घ्यायचा, आणि सोडण्याआधी वेढ्यांवरून एकदा नजर फिरवायची.

आता माझा जर्नलमध्ये r लिहिण्याबद्दलचा आग्रह. व्यासात जाडी मिळवून १.३० काढला तरी दोरा ताणाखाली चपटा होतो, त्यामुळे ही किंमत ± ०.०२ सेंटिमीटरपर्यंतच खात्रीची. म्हणजे दीड टक्का, वर्ग केल्यावर तीन टक्के, I मध्ये ०.०००९. उंचीतली अर्ध्या सेंटिमीटरची शंका आणखी अर्धा टक्का देते. वेळ, त्रिज्या आणि उंची या तिन्हींच्या अनिश्चिततांचे वर्ग मिळवायचे आणि वर्गमूळ घ्यायचं: एकूण सुमारे ०.००१०. यातला जवळजवळ सगळा वाटा त्रिज्येचा आहे. अशा वेळी आणखी वीस वेळा स्टॉपवॉच दाबून काही उपयोग नाही. वेळेची अनिश्चितता शून्य केली तरी ०.००१० चा ०.०००९ होईल.

त्रिज्या सुधारायची असेल तर ती दोऱ्यालाच विचारावी. वजन लटकतं ठेवून चाक हळूहळू बरोबर १० वेढे फिरवायचं आणि वजन किती वर चढलं ते मीटरपट्टीने मोजायचं. परिघावर खडूची खूण असली की वेढे मोजणं सोपं जातं. इथे वजन ८१.७ सेंटिमीटर चढेल. त्याला 20π ने भागलं की १.३० येतो, आणि त्यात जाडी, चपटेपणा, ताण सगळं आपोआप धरलं जातं. अर्ध्या सेंटिमीटरची चूक झाली तरी त्रिज्येतली अनिश्चितता दीड टक्क्यावरून ०.६ टक्क्यावर येते आणि I ची एकूण अनिश्चितता अर्ध्यावर, ०.०००५ वर. पाच मिनिटांचं काम आहे. ते व्हर्नियरशिवाय होतं, म्हणून कदाचित कुणाला पटत नसावं.

उत्तर लिहिण्याआधी आणखी एक ताळा पाहावा. ५०० ग्रॅमचं वजन टेकून फास सुटला, की चाकाचा कोनीय वेग सेकंदाला १७.३ रेडियन असतो. आता त्याला थांबवायला घर्षणाखेरीज कुणी नाही. आलेखातून मिळालेलं घर्षण खरं असेल, तर चाक मंदावण्याचा दर ४.४ भागिले ३०.६, म्हणजे सेकंदाला ०.१४ रेडियन प्रति सेकंद. त्या हिशोबाने चाक दोन मिनिटांनी, साधारण १६५ फेऱ्या घेऊन थांबायला हवं. घड्याळ लावून पाहायचं. दोन मिनिटांच्या आसपास थांबलं, तर छेद खरा. मिनिटभरात थांबलं, तर एक तर दोऱ्याचा फास खुंटीवर घासतोय किंवा रेषेत गोंधळ आहे. आपल्याकडे अनेक कॉलेजांत हा प्रयोग उलट्या बाजूनेच शिकवतात: दोरा सुटल्यावर चाक किती फेऱ्यांनी आणि किती वेळात थांबतं ते मोजायचं आणि त्यातून I काढायचा. पद्धत चांगली आहे, पण त्यात उत्तर एकाच वजनावरून निघतं, आणि आकड्यांचा कल पाहून चूक ओळखायची सोय राहत नाही. दोन्ही केल्या तर एकीने दुसरी तपासता येते.

मग भूमितीशी तुलना. भरीव चकतीसाठी I = ½MR², म्हणजे ६.२ किलो आणि १० सेंटिमीटरवरून ०.०३१०. आसाचा वाटा हजारात एक-दोन भागांचा, सोडून दिला तरी चालेल. तुलना करताना मात्र ‘टक्केवारीतली चूक १.३’ असं लिहून थांबू नये. भूमितीची किंमतही कुठून आभाळातून पडलेली नाही. R अर्धा मिलिमीटर चुकला तरी तिच्यात एक टक्का फरक पडतो. आणि चकतीत भोकं असतील, आरे असतील किंवा कड जाड असेल, तर ½MR² हे सूत्र त्या चाकाचं नाहीच. आधी चाकाचा फोटो किंवा आकृती आणि मापं द्यावीत, मग सूत्र. प्रश्न एवढाच असतो की दोन किमतींमधला फरक अनिश्चिततेत बसतो का. इथे फरक ०.०००४ आणि अनिश्चितता ०.००१०, म्हणजे बसतो. तेच r = १.२५ धरून आणि फक्त वेळेची अनिश्चितता लिहून ०.०२८३ ± ०.०००३ दिलं असतं, तर फरक अनिश्चिततेच्या नऊपट झाला असता आणि काहीतरी हरवलंय हे लगेच उघड झालं असतं. ± लिहिण्याचा फायदा तो हाच. नुसतं ०.०२८३ लिहिलं तर फरक घर्षणाच्या खात्यावर टाकून मोकळं होता येतं.

आणि ± लिहिलं की दशांशाची संख्याही त्याच्याबरोबर ठरते. कॅल्क्युलेटर ०.०३०६१८ दाखवतो म्हणून ते सगळे अंक उतरवू नयेत. अनिश्चितता तिसऱ्या-चौथ्या दशांशावर असेल, तर उत्तर चौथ्या दशांशावर थांबतं.

या चाकाच्या जर्नलमध्ये निष्कर्ष मी असा लिहीन:

‘१०० ते ५०० ग्रॅम वजनांसाठी τ–α आलेखाच्या चढावरून फ्लायव्हीलची मोमेंट ऑफ इनर्शिया ०.०३०६ ± ०.००१० किग्रॅ·मी². छेदावरून बेअरिंगच्या घर्षणाचा टॉर्क ४.४ ± ०.४ मिलिन्यूटन-मीटर. वजनांत हँगरचं वजन धरलं आहे. त्रिज्येत दोऱ्याची निम्मी जाडी धरली आहे, आणि अनिश्चिततेचा मुख्य भाग त्रिज्येतून येतो. चकतीच्या मापांवरून काढलेली किंमत ०.०३१० असून ती वरच्या मर्यादेत बसते. १० वेढ्यांनी वजन किती चढतं ते मोजून त्रिज्या काढल्यास अनिश्चितता निम्मी होईल.’